मेन बोर्ड की एसएमई: बोर्डावरून कंपनीचा आकार कळतो का?

प्रश्न: सर, कुंडईला आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. दोन नवीन पार्ट्या माल मागतायत, दोघीही 60 दिवसांची उधारी सांगतात. एक वेर्ण्याची, मागच्या वर्षी एनएसईच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर लिस्ट झाली. दुसरी मुंबईची, बीएसईच्या मेन बोर्डवर, नव्वदच्या दशकापासून. पार्टनर म्हणतो मेन बोर्डवाली मोठी, तिला बिनधास्त माल द्या, आणि एसएमईवाली छोटी म्हणून तिच्याकडून अ‍ॅडव्हान्स घ्या. हे बरोबर आहे का?

उत्तर: पार्टनरला सांगा जरा थांब. एवढ्या माहितीवर उलटंही असू शकतं, म्हणजे वेर्ण्याची पार्टी मुंबईवालीच्या पाच-सहापट मोठी निघू शकते. मी लिस्टेड कंपन्यांचं सेक्रेटेरियल काम करतो, मडगावला ऑफिस आहे, आणि हा गैरसमज मला इंडस्ट्रियल इस्टेटीत सगळीकडे भेटतो, सप्लायरमध्ये, कामगारांमध्ये, आणि खरं सांगायचं तर काही बँकवाल्यांमध्येही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात एसएमई आणि मेन बोर्ड यांच्यातली रेषा विक्रीवर काढलेली नाही, नफ्यावर नाही, कामगार किती यावर तर नाहीच. ती काढलीय पेड-अप कॅपिटलवर, म्हणजे शेअरची संख्या गुणिले फेस व्हॅल्यू. सेबीचा नियम असा की इश्यूनंतर पेड-अप कॅपिटल 10 कोटींपर्यंत असेल तर कंपनी एसएमईवरच येते, 10 ते 25 कोटींच्या मध्ये असेल तर दोन्हीपैकी कुठेही येऊ शकते, आणि 25 कोटींच्या वर गेली की एसएमईचं दार बंद. आता फेस व्हॅल्यू हा कंपनीनेच ठरवलेला आकडा, 10 रुपये, 5 रुपये, 2 रुपये, काहीही, त्याचा धंद्याच्या व्यापाशी संबंध जवळजवळ नाही. आपल्या उसगावला एमआरएफचा कारखाना आहे ना, त्या कंपनीचे एकूण शेअर फक्त 42 लाख 41 हजारांच्या आसपास, फेस व्हॅल्यू 10, म्हणजे पेड-अप कॅपिटल साधारण सव्वाचार कोटी! 2023-24 ची विक्री मात्र साधारण 25 हजार कोटी, आणि त्याच काळात, जून 2023 मध्ये, एका शेअरचा भाव लाखाच्या वर गेला होता. नुसतं पेड-अप कॅपिटल बघून बोर्ड ठरवायचा झाला तर एमआरएफ एसएमईत बसेल. ती मेन बोर्डवर आहे कारण ती कितीतरी आधी लिस्ट झालेली, एसएमई प्लॅटफॉर्म 2012 ला सुरू झाले.

हे नीट कळायला एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, आकडे मी मनाने घेतलेत पण अशा कंपन्या वेर्णा, कुंडईत सहज सापडतील. समजा फॅमिलीची प्रायव्हेट कंपनी, विक्री 140 कोटी, करानंतरचा नफा 11 कोटी. शेअर फक्त 10 लाख, फेस व्हॅल्यू 10, म्हणजे पेड-अप 1 कोटी, आणि एवढ्या वर्षांचा साठलेला नफा, रिझर्व्ह, 39 कोटी. यांना पब्लिकला 25 टक्के हिस्सा देऊन 45 कोटी उभे करायचेत, म्हणजे इश्यूनंतर कंपनीची एकूण किंमत 180 कोटी धरलीय. फक्त 10 लाख शेअर घेऊन कोणी पब्लिककडे जात नाही, म्हणून आधी बोनस देतात. बोनस म्हणजे रिझर्व्हमधले पैसे कागदावर कॅपिटलमध्ये टाकणं, कारखान्यात एक मशीनही वाढत नाही आणि बँकेत एक रुपयाही येत नाही.

आता बघा. एका शेअरला 6 बोनस दिले तर शेअर होतात 70 लाख, पब्लिकला 23 लाख 33 हजार द्यायचे, एकूण 93 लाख 33 हजार, पेड-अप 9 कोटी 33 लाख. 10 च्या आत, म्हणजे फक्त एसएमई. एकाला 8 दिले तर 90 लाख, त्यात पब्लिकचे 30 लाख, एकूण 1 कोटी 20 लाख शेअर, पेड-अप 12 कोटी, भाव 150 रुपये, आता दोन्ही दारं कागदावर उघडी. आणि एकाला 20 दिले तर 2 कोटी 10 लाख, वर पब्लिकचे 70 लाख, पेड-अप 28 कोटी, भाव साधारण 64 रुपये, एसएमई बाद. तिन्ही वेळा कंपनी तीच, विक्री तीच, 45 कोटीही तेच, फक्त डायरेक्टरांच्या बैठकीत बोनसचा रेशो वेगळा ठरला! त्यामुळे एखादी कंपनी कुठल्या प्लॅटफॉर्मवर आली यात मर्चंट बँकरने मांडलेल्या गणिताचा वाटा केवढा मोठा असतो ते लक्षात घ्या. कुठल्याही कंपनीच्या ऑफर डॉक्युमेंटमध्ये कॅपिटल स्ट्रक्चर नावाचा चॅप्टर असतो, त्यात शेअर कधी किती वाढले याचा तक्ता तारखेसकट असतो, बोनसची ओळ बहुतेक वेळा इश्यूच्या वर्ष-दोन वर्षं आधीची सापडेल. वेर्ण्याच्या पार्टीचं डॉक्युमेंट एनएसईच्या साइटवर फुकट मिळेल, तो तक्ता आधी उघडा.

मग आकाराची काही खरी अट आहे की नाही? आहे, पण ती वेगळीकडे आहे. मेन बोर्डवर नेहमीच्या मार्गाने यायचं तर मागच्या 3 वर्षांचा सरासरी ऑपरेटिंग प्रॉफिट किमान 15 कोटी लागतो आणि तिन्ही वर्षं ऑपरेटिंग प्रॉफिट असावा लागतो, शिवाय नेट टँजिबल अ‍ॅसेट 3 कोटी आणि नेटवर्थ 1 कोटी, पण या शेवटच्या दोन अटी आता नावापुरत्याच. एसएमईला 2025 च्या बदलानंतर 3 पैकी 2 वर्षं किमान 1 कोटीचा ऑपरेटिंग प्रॉफिट लागतो, त्याआधी सेबीच्या नियमात तेवढीही अट नव्हती. म्हणजे 1 कोटी आणि 15 कोटी, हा फरक मोठा आहे आणि नवीन कंपन्यांपुरता तो खरंच काहीतरी सांगतो. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचा ऑपरेटिंग प्रॉफिट समजा 9, 13 आणि 17 कोटी असा चढत आला, सरासरी 13, म्हणजे 12 कोटी पेड-अप असूनही मेन बोर्डचा सरळ रस्ता बंद, एसएमईवरच जावं लागणार. आणि तिनेच जर एकाला 20 वाला बोनस देऊन ठेवला असता तर ती मधेच लटकली असती, एसएमईला कॅपिटल जास्त आणि मेन बोर्डला नफा कमी, मग उरतो एकच मार्ग, इश्यूचा 75 टक्के भाग मोठ्या संस्थांना, म्हणजे म्युच्युअल फंड वगैरेंना द्यायचा, आणि 45 कोटींच्या इश्यूला ते ढुंकून बघत नाहीत. म्हणून तर चांगल्या वाढत्या कंपन्या मुद्दाम पेड-अप आटोपशीर ठेवतात. तोट्यातल्या मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्या मेन बोर्डवर आल्या त्या या 75 टक्केवाल्याच मार्गाने, हेही जाता जाता लक्षात असू द्या, म्हणजे मेन बोर्ड म्हणजे नफा हेही समीकरण पक्कं नाही.

आता तुमच्या मुंबईवाल्या पार्टीकडे येऊ, कारण पार्टनरची खरी चूक तिथे आहे. 15 कोटींची अट ही आत येताना एकदाच बघितली जाते, आणि नव्वदच्या दशकात ती नव्हतीच. त्या काळात छोट्या छोट्या कंपन्या शेकड्यांनी लिस्ट झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी आजही बीएसईवर आहेत, मेन बोर्डच्याच म्हणून. कंपनी नंतर आक्रसली, एक युनिट बंद पडलं, विक्री निम्म्यावर आली, तरी तिला कोणी एसएमईवर ढकलत नाही, तसं जायचं तर कंपनीने स्वतःच ठरवावं लागतं. फी भरली, रिझल्ट वेळेवर टाकले की ती मेन बोर्डवर राहते. समजा अशा कंपनीचे 3 कोटी शेअर, फेस व्हॅल्यू 10, पेड-अप 30 कोटी, भाव 7 रुपये, म्हणजे बाजारात पूर्ण कंपनीची किंमत 21 कोटी, विक्री 22 कोटी. पेड-अप बघितलं तर ती आपल्या उदाहरणातल्या 12 कोटी पेड-अपवाल्या कंपनीच्या अडीचपट, विक्री बघितली तर तिच्या सहाव्या हिश्शाएवढी. भाव फेस व्हॅल्यूच्या खाली दिसला की मी आधी साठलेला तोटा शोधतो, बॅलन्स शीटमध्ये अदर इक्विटी या ओळीत तो उणे दिसतो. तुमच्या पार्टीचं असंच असेल असं मी म्हणत नाही, पण नुसतं "मेन बोर्ड, जुनी कंपनी" ऐकून 60 दिवस उधारी देऊ नका.

उलट बाजूही सांगायला हवी, एसएमईवर सगळ्या आपल्या उदाहरणासारख्या 140 कोटींच्या नसतात. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या रिसोर्सफुल ऑटोमोबाईलचा इश्यू गाजला होता, दुचाकीच्या दोन शोरूम, 8 कर्मचारी, इश्यू जेमतेम 12 कोटींचा आणि मागणी आली चारशे पटीहून जास्त. तीही एसएमई आणि शेकडो कोटींची विक्री करणारी इंजिनीअरिंग कंपनीही एसएमईच. इतकी दोन टोकं एका पाटीखाली राहतात तेव्हा त्या पाटीवरून आकार काढणं सोडून द्यावं. आणि एसएमई प्लॅटफॉर्मवर असणं म्हणजे उद्यमच्या व्याख्येतला लघुउद्योग असंही नाही, तिथे विक्री आणि मशिनरीतली गुंतवणूक बघतात, इथे कॅपिटल, ही दोन मापं एकमेकांशी जोडलेली नाहीत.

मग कोणी म्हणेल विक्री नको, मार्केट कॅप बघू, ते तर बाजाराने ठरवलंय. मोठ्या कंपनीला हे चालेल, एसएमईत मी या आकड्यावर अजिबात विसंबत नाही, का ते सांगतो. एसएमईचे शेअर सुटे मिळत नाहीत, लॉटमध्येच घ्यावे लागतात. समजा आपल्या 150 रुपयांच्या शेअरचा लॉट 1000 चा, म्हणजे एक व्यवहार दीड लाखाचा. दिवसभरात एकानेच एक लॉट 5 टक्के वर, 157 रुपये 50 पैशांना उचलला, झालं, 1 कोटी 20 लाख शेअर गुणिले साडेसात, कंपनीची किंमत कागदावर 9 कोटींनी वाढली, दीड लाखाच्या एका सौद्यावर. म्हणून तर इथे मार्केट मेकर सक्तीचा असतो, लिस्टिंगनंतर 3 वर्षं त्याने खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव लावून ठेवायचे, त्याशिवाय कित्येक शेअरमध्ये आठवडाभर सौदाच झाला नसता. पण मार्केट मेकर सौदा होऊ देतो, भाव खरा आहे की नाही याची हमी तो देत नाही. तुमच्या ट्रेडिंग अ‍ॅपवर एनएसईच्या शेअरपुढे सिरीज लिहिलेली असते, EQ किंवा BE असेल तर मेन बोर्ड, SM किंवा ST असेल तर एसएमई. SM, ST दिसलं की भावाच्या शेजारी व्हॉल्यूम बघायची सवय लावा, किती लॉट झाले ते.

बोर्डावरून खरोखर काय कळतं तर कंपनीवर नजर किती आहे हे कळतं. मेन बोर्डच्या इश्यूचं डॉक्युमेंट सेबी वाचते, शेरे मारते, प्रश्न विचारते. एसएमईचं डॉक्युमेंट एक्सचेंज तपासतं, सेबी त्यावर शेरे देत नाही. यात काय निसटू शकतं ते 2024 च्या ट्रॅफिकसोलच्या प्रकरणात दिसलं, इश्यूच्या पैशातून ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घ्यायचं होतं तो व्हेंडरच बोगस निघाला, तक्रार आल्यावर बीएसईने लिस्टिंग थांबवलं आणि डिसेंबरमध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. लिस्टिंगनंतर मेन बोर्डवाल्यांना दर 3 महिन्यांनी रिझल्ट द्यावा लागतो, एसएमईला 6 महिन्यांनी. मार्चचा रिझल्ट मे अखेरपर्यंत, सप्टेंबरचा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे अख्खा पावसाळा आणि दिवाळी गेली तरी वेर्ण्याच्या पार्टीचा नवीन आकडा तुमच्या हातात नसू शकतो. पण सप्लायर म्हणून तुम्हाला दिलासा देणारी एक गोष्ट आहे जी फार कोणी सांगत नाही, मेन बोर्डवाले जून आणि डिसेंबरच्या तिमाहीत फक्त नफा-तोटा दाखवतात, बॅलन्स शीट आणि कॅश फ्लो त्यांचाही सहामाहीच असतो. आणि तुम्हाला बघायचंय ते बॅलन्स शीटच, त्यामुळे तुमच्या कामापुरता हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. दोघींचे मागच्या वर्षीचे अ‍ॅन्युअल रिपोर्ट उतरवून घ्या, आणि पहिली पन्नास रंगीत पानं सोडून थेट ट्रेड पेएबल्सच्या नोटवर जा. 2021-22 पासून कंपन्यांना तिथे वयवार तक्ता द्यावा लागतो, सप्लायरची देणी एक वर्षाच्या आतली किती, 1 ते 2 वर्षांची किती, 2 ते 3 ची, 3 च्या वरची, आणि त्यातही एमएसएमई सप्लायर वेगळे, वादातली देणी वेगळी. एखाद्या 22 कोटी विक्रीच्या कंपनीत एक वर्षाच्या वरची एमएसएमई देणी 80 लाख दिसली तर मी तिला उधारी देणार नाही, मग ती कुठल्याही बोर्डवर असो. तो तक्ता म्हणजे तुमच्यासारख्या पन्नास जणांचा अनुभव एका पानावर. मग दुसरं, एकूण ट्रेड पेएबल्सना वर्षाच्या खरेदीने भागा आणि 365 ने गुणा, साधारण किती दिवसांनी पैसे देतात ते कळतं. आपल्या उदाहरणात खरेदी 90 कोटी आणि देणी 15 कोटी असतील तर 61 दिवस, म्हणजे 60 दिवस म्हणतात ते खरं म्हणतात. 22 कोटीवाल्या कंपनीची खरेदी 14 कोटी आणि देणी 5 कोटी असतील तर 130 दिवस, तोंडाने 60 सांगतायत पण देतायत सव्वाचार महिन्यांनी.

तिसरं, कॅश फ्लोमध्ये ऑपरेटिंगचा आकडा नफ्याच्या शेजारी ठेवून 3 वर्षं बघा. एसएमईत ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण इश्यूच्या आधीच्या वर्षात विक्री फुगलेली दिसणं हा नेहमीचा प्रकार, माल गेलाय पण पैसे आलेच नाहीत. नफा 11 कोटी, ऑपरेटिंग कॅश फ्लो उणे 6 कोटी आणि येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढतायत असं सलग दोन वर्षं दिसलं तर कंपनीचा आकार कागदावरचा आहे असं समजा. एक वर्ष उणे असेल तर घाबरू नका, वाढत्या कंपनीचा पैसा मालात अडकतोच, आणि इश्यूचे पैसे बरेचदा वर्किंग कॅपिटलसाठीच घेतलेले असतात. ते ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यूमध्ये लिहिलेलं असतं, त्यातले किती वापरले तेही रिझल्टसोबत बघा.

पार्टनर विचारेल की मग वेर्ण्याची कंपनी चांगली असेल तर ती मेन बोर्डवर जात का नाही. जाऊ शकते, पण घाईने नाही. एक्सचेंजच्या नियमाने आधी एसएमईवर 3 वर्षं काढावी लागतात, वर नफा, शेअरहोल्डरची संख्या अशा अटी आहेत, आणि स्पेशल रिझोल्यूशन लागतं ज्यात प्रमोटर सोडून बाकीच्यांची बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट हवीत. एखादी कंपनी 3 वर्षांनंतर एसएमईवरून मेन बोर्डवर गेली तर माझ्या लेखी ती आकाराची बऱ्यापैकी पक्की खूण, आयपीओने सरळ मेन बोर्डवर येण्याइतकीच, आणि नव्वदच्या दशकातल्या लिस्टिंगपेक्षा कितीतरी जास्त. पण मागच्याच वर्षी लिस्ट झालेली कंपनी अजून एसएमईवर आहे यावरून काहीही वाईट अर्थ काढू नका, तिला मुभाच नाही.

शेवटी तुमच्या 60 दिवसांचं. तुमचं युनिट उद्यमवर मायक्रो किंवा स्मॉल म्हणून नोंदलेलं असेल, कुंडईतलं बॉक्सचं युनिट म्हणजे असणारच, तर एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी ठरवताच येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. दोघींनाही हे सांगा, बिलावर उद्यम नंबर छापा, पर्चेस ऑर्डरमध्ये 45 दिवस लिहून घ्या. 45 दिवसांच्या वर पेमेंट अडकवणाऱ्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबर अखेर, एमएसएमई-1 नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात कोणाचे किती अडकवले ते कारणासकट लिहायचं असतं. तो फॉर्म भरलाय का हे एमसीएच्या पोर्टलवर थोडी फी भरून कोणालाही बघता येतं, मुंबईवालीचा आधी बघा. वेर्ण्याच्या पार्टीला अ‍ॅडव्हान्स मागायच्या आधी तिचा पेएबल्सचा तक्ता बघा, स्वच्छ असेल तर अ‍ॅडव्हान्स मागून चांगलं गिऱ्हाईक घालवू नका, 45 दिवसांवर सुरुवात करा आणि पहिल्या दोन बिलांचं पेमेंट येईपर्यंत थकबाकीची मर्यादा ठेवा, नोव्हेंबरचा रिझल्ट आला की ती वाढवायची की नाही ते ठरवा.